शिवी हातांनी दिली, तर इंटरप्रिटरने ती तोंडाने उच्चारायची का?

अंबड_एचआर
कंपनीचं नाव सांगत नाही. अंबडला प्रेस शॉप आहे आणि मी तिथे एचआरला आहे. आमच्या एका कर्णबधिर ऑपरेटरवर सुपरवायझरला अश्लील हातवारे केल्याची चार्जशीट आहे. चौकशीला साईन लँग्वेजच्या इंटरप्रिटर बाई बोलावल्या होत्या. कामगार हातांनी आपलं म्हणणं सांगत होता आणि मध्येच बाईंनी आईवरची शिवी, पूर्ण आणि स्पष्ट, मोठ्याने उच्चारली. खोलीत आम्ही दोघी बायका होतो. चौकशी अधिकारी म्हणाले, "अपशब्द वापरला, एवढंच लिहा." बाई म्हणाल्या, "ते त्यांचं वाक्य आहे. मी ते बदलू शकत नाही." चौकशी तिथेच तहकूब झाली. इंटरप्रिटरने शिवी उच्चारायची असते का? आणि हाताच्या एका खुणेत एवढी नेमकी शिवी असते तरी का?

गंगापूररोड_निवृत्त
मी सातपूरच्या एका कारखान्यात अनेक वर्षं कार्मिक विभागात होतो, पन्नासेक चौकश्या पाहिल्या आहेत. तुमच्या चौकशी अधिकाऱ्यांचं बरोबर आहे. शिव्या देणारे बोलके कामगारही असतात. त्यांच्याही बाबतीत आम्ही "अर्वाच्य शिवीगाळ केली" असं लिहून सह्या घेत असू. कोणाचं अडलं नाही. चौकशीच्या खोलीला एक मर्यादा असते. ती बाई स्वतः शिकलेली, सभ्य घरातली असणार. तिच्या तोंडी ते शब्द घालणं हा तिच्यावरही अन्याय आहे. "इथे आईवरून शिवी दिली" एवढं सांगितलं असतं तर अर्थ पोचला असता आणि खोलीचा मानही राहिला असता.

रविवार_कारंजा
ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अश्लील खुणा जगभर एकच असतात. मधलं बोट दाखवलं की नाशिक काय नि न्यूयॉर्क काय, अर्थ तोच. त्यासाठी इंटरप्रिटर कशाला हवा? सीसीटीव्हीत हात दिसला की विषय संपला.

दोन_भाषांच्या_मधे
मी याच कामात आहे, तुमच्या चौकशीतली इंटरप्रिटर मात्र मी नाही. डिप्लोमा केला, मग दहा-अकरा वर्षं नाशिक, मालेगाव, धुळे इथे पोलीस ठाणी, दवाखाने, कारखाने असं फिरते आहे.

आधी रविवार कारंजावाल्या भाऊंसाठी. जपानच्या साईन लँग्वेजमध्ये मधलं बोट उभं करून वर नेलं की "मोठा भाऊ" असा अर्थ होतो. तिथला कर्णबधिर मुलगा आपल्या दादाबद्दल सांगताना दिवसातून दहा वेळा तेच बोट दाखवतो. लांब कशाला जायचं? आपल्याकडे ठेंगा दाखवणं म्हणजे चिडवणं, "जा, काही मिळणार नाही" असं सांगणं. भारतीय सांकेतिक भाषेत तोच उभा अंगठा म्हणजे "चांगलं". आणि करंगळी म्हणजे "वाईट, खराब". आपण शाळेत करंगळी कशासाठी दाखवायचो ते सगळ्यांना आठवत असेल. म्हणजे एकाच हाताची दोन बोटं आणि ऐकणाऱ्याच्या नि कर्णबधिराच्या डोक्यात दोन्हींचे अर्थ वेगळे. तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. मधलं बोट आता नाशिकच्या कर्णबधिर पोरांनाही माहीत आहे. पण ते त्यांनी तुमच्या-माझ्या पोरांसारखंच सिनेमा नि मोबाईलवरून उचललं. त्यांची स्वतःची शिवी वेगळी असते आणि ती तुमच्या समोर दिली तरी तुम्हाला कळणार नाही.

आता ती नेमकी कशी असते, ते. शिवीत हाताचा आकार हा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग चेहरा, ओठ, झटका आणि हात समोरच्याच्या किती जवळ नेला यात असतो. आपल्या मराठीत "च्यायला" हा शब्द घ्या. फोडून पाहिला तर आईवरच येतो, पण चहा सांडला तरी माणूस च्यायला म्हणतो. उद्या कोणी परक्या माणसाने त्याचा शब्दशः अर्थ लावून पोलिसांत दिला तर काय होईल? खुणांचंही तसंच आहे. काही खुणांचा आकार उघडउघड शरीराच्या अवयवाचा किंवा क्रियेचा असतो, पण वापरून वापरून त्यांचा अर्थ "बकवास", "फालतूपणा" एवढाच उरलेला असतो. उलट दिसायला साधी खूण ओठांवरच्या शब्दासकट, डोळे बारीक करून, एका झटक्यात दिली तर ती डोकी फुटण्याइतकी जड असते. नवशिका इंटरप्रिटर आकाराचं भाषांतर करतो आणि तिथेच चुकतो. जोराचं भाषांतर करायचं असतं.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. हाच माणूस, याच रागात, याच जागी ऐकणारा-बोलणारा असता तर मराठीत काय म्हणाला असता? "मूर्ख" म्हणाला असता की "हरामखोर", की थेट आईवर गेला असता? जी पायरी असेल ती मी उच्चारते. आणि "तो म्हणतो की" असं न म्हणता "मी" असं म्हणते, कारण आवाज माझा असला तरी वाक्य त्याचं असतं. अमेरिकेत इंटरप्रिटरांची २००५ ची आचारसंहिता आहे, तिच्यातही निरोपाचा मजकूर आणि भाव दोन्ही पोचवायला सांगितलंय. "इथे शिवी दिली" हे वाक्य कामगाराने म्हटलेलंच नाही. ते इंटरप्रिटरने केलेलं वर्णन आहे.

एचआर ताई, एक विचारते. चार्जशीटमध्ये नेमकी कोणती खूण लिहिली आहे? आणि बाईंनी शिवी उच्चारली तेव्हा तो कोणती खूण करत होता? दोन्ही एकच होत्या का?

कॉलेजरोड_काका
आमच्या सोसायटीत पार्किंगवरून एकाने मला हाताने घाणेरडी खूण केली. पोलिसांकडे गेलो तर म्हणाले, तोंडाने काही बोलला का? नाही ना, मग जाऊ द्या. हातवाऱ्यांना कायद्यात काही किंमत आहे की नाही, ते कोणी सांगेल का?

वकील_नाशिकरोड
काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण उत्तर देतो. किंमत आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्याला शिक्षा देणारं कलम आधी भारतीय दंड संहितेत ५०९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ७९ आहे. त्यात शब्द, आवाज आणि हावभाव तिन्ही लिहिलेले आहेत. ते कलम तुमच्या पार्किंगला लागू नाही, पण हातवारे कायद्याला दिसतच नाहीत असं नाही.

मूळ मुद्द्यावर येतो. निवृत्त साहेब म्हणतात, "शिवीगाळ केली" लिहून कोणाचं अडलं नाही. ज्यांची नोकरी गेली त्यांचं अडलं असणार, साहेब. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका वाहन कंपनीच्या कामगाराची बडतर्फी कायम ठेवली. त्याने वरिष्ठाला कोणत्या शब्दांत शिव्या दिल्या, ते पाहून ठेवली. १९८४ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात शिवीगाळीचाच आरोप होता आणि तिथे कामावरून काढणं ही फार मोठी शिक्षा आहे म्हणून त्याच न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे कोणता शब्द, कोणाला, कशावरून, यावर माणसाची भाकरी ठरते. नोंदीत नुसतं "अपशब्द" असेल तर उद्या कामगार न्यायालयात ते दोन्ही बाजूंना ताणता येईल. कंपनी म्हणेल फार भयंकर होता, वकील म्हणेल "गाढव" म्हणाला होता.

आणि हे कारखान्यापुरतं नाही. कर्णबधिर मुलीवर अत्याचार झाला आणि ती हातांनी सांगते आहे, असा प्रसंग घ्या. तिच्या खुणेत कोणी, कुठे, कसा स्पर्श केला, ती कुठल्या बाजूला होती, हे सगळं दिसतं. इंटरप्रिटरने लाजून "त्याने वाईट काम केलं" असं म्हटलं तर गुन्ह्याचं कलमच बदलतं. म्हणून २०१३ च्या दुरुस्तीनंतर, आणि आता साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ मध्येही, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब इंटरप्रिटर किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं बंधन आहे. चित्रीकरण यासाठी, की भाषांतर चुकलं तर हात परत पाहता यावेत.

सातपूर_शिफ्ट
मी कामगार आहे, साहेब लोकांसारखं लिहिता येत नाही. मला एकच कळतं. त्या बाईने शिवी उच्चारली नसती तर त्या भावाची नोकरी वाचली असती. अधिकारी स्वतःच म्हणत होते "अपशब्द" लिहा. बाईने गप्प बसायचं ना. गरिबाला वाचवायची संधी होती, ती तत्त्वासाठी घालवली. घरात पोरं असतील त्याला.

अंबड_एचआर
सगळं वाचलं. इंटरप्रिटर ताईंनी इथे विचारलं म्हणून कागद काढून पाहिला आणि मलाच धक्का बसला. चार्जशीटमधली खूण आणि शिवीची खूण एक नाहीच.

चार्जशीटमध्ये असं आहे: "करंगळी दाखवून अश्लील व पुरुषत्वाबाबत अवमानकारक हावभाव केला." चौकशीत त्याने तीच करंगळी करून दाखवली, तेव्हा बाईंनी भाषांतर केलं ते असं: "पीस खराब आहे, डाय खराब आहे, आणि तू माझ्याशी वाईट वागतोस." त्याच्यानंतर तो म्हणाला (म्हणजे हातांनी), "मग मी त्याला म्हणालो" आणि तिथे ती शिवी आली. ही दुसरी खूण सुपरवायझरला त्या दिवशी कळलीच नव्हती. त्याच्या तक्रारीत ती नाही. म्हणजे आम्ही ज्याला शिवी समजलो ती तक्रार होती, आणि खरी शिवी कोणाच्या लक्षातच आली नव्हती. ती बाईंमुळे कळली. आता सातपूरच्या भाऊंचं म्हणणं मला जास्तच लागतंय.

रविवार_कारंजा
खुणा जगभर एकच असतात, हे माझं चुकलं, मान्य. करंगळीचा अर्थ तर साफ वेगळा निघाला. मला ते आधी ठाऊक नव्हतं. पण मग आता सांगा, बाईंनी स्वतःच पुरावा तयार केला की नाही?

दोन_भाषांच्या_मधे
पुरावा त्याने स्वतः दिला, स्वतःच्या जबाबात. आणि सातपूरच्या भाऊ, तुमची कळकळ मला कळते. दर महिन्याला एकदा तरी अशी वेळ येते, आणि मी तुमच्यासारखीच कामगाराच्या बाजूने असते, मनातून. पण मी जर त्याच्या भल्यासाठी एक वाक्य गिळलं, तर उद्या त्याच्या विरोधातलं वाक्य दुसरा कोणी त्याच हक्काने घुसडेल. शिवाय याच बाईंनी करंगळीचा खरा अर्थ सांगितला म्हणून मूळ आरोपच कोसळतोय. तिने शिवी झाकली असती तर चौकशी अधिकाऱ्याने तिच्या करंगळीच्या भाषांतरावर तरी विश्वास का ठेवावा?

एक गोष्ट मात्र बाईंनी आधी करायला हवी होती असं मला वाटतं. सुरुवातीलाच खोलीतल्या सगळ्यांना सांगायचं, की हा माणूस शिवी देईल तर मी शिवी देईन आणि मी "मी" म्हणेन तेव्हा तो मी नसेन. मी हे दोन मिनिटांत सांगते. ते सांगितलं नाही की माझ्यासमोरही असेच चेहरे होतात. आणि ज्या इंटरप्रिटरला हे शब्द तोंडातून काढणं अशक्य वाटतं, त्याने अशी कामं आधीच नाकारावीत. ते लाजिरवाणं नाही. ऐन वेळी अर्धं झाकणं जास्त वाईट.

गंगापूररोड_निवृत्त
करंगळीच्या बाबतीत मी काहीच म्हणत नाही, तिथे चार्जशीटच चुकली. पण माझा आक्षेप जागेवर आहे. शब्द नेमका हवा, हे वकील साहेबांचं म्हणणं पटलं. मग तो लिहून द्यावा. बंद पाकिटात द्यावा, कागदावर द्यावा. बायकांसमोर मोठ्याने उच्चारण्याची गरज कुठे आहे? शिमग्यालाही बोंब मारायची एक वेळ असते आणि एक जागा असते.

देवळालीची_लेक
निवृत्त काका, तुमचा राग नाही, पण मी माझं सांगते.

माझे आई-बाबा दोघेही कर्णबधिर. मी एकुलती एक, ऐकणारी. सहा वर्षांची असल्यापासून मी त्यांची इंटरप्रिटर. दूधवाला, बँक, शाळेतल्या बाई, सगळीकडे मीच. एकदा एका दुकानात सुट्ट्या पैशांवरून भांडण झालं. दुकानदार बाबांना म्हणाला, "बहिऱ्या, अक्कल कुठे ठेवून आलास?" आणि पुढे आणखी काही, ते इथे लिहीत नाही. मी दहा वर्षांची असेन. मी बाबांना खुणेने सांगितलं, "काका म्हणतात, त्यांच्याकडे सुट्टे नाहीत."

बाबा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्याच्याकडे. घरी आल्यावर म्हणाले, "तू खोटं सांगितलंस." मला वाटलं, ओठ वाचले असतील. तसं नव्हतं. ते म्हणाले, "त्याच्या कपाळाला आठ्या होत्या, मान पुढे होती, गळ्याची शीर दिसत होती. तुझा चेहरा गोड होता. दोन चेहरे जुळत नव्हते." पुढे जे म्हणाले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "तो मला शिवी देतो, तर मला राग येऊ दे. तू माझा राग का घेतलास?"

ऐकणाऱ्यांना वाटतं, झाकलं की कळत नाही. कर्णबधिर माणसाला समोरचा चेहरा पूर्ण दिसतो. आपण फक्त शब्द काढून घेतो आणि त्याला नुसता संताप दिसत राहतो, कारण न कळता. उलट दिशेनेही तेच. बाबा चिडून शिवी देत, तेव्हा मी "बाबा नाराज आहेत" म्हणायचे. दुकानदार हसायचा, कारण त्याच्यासाठी ते हातवारे म्हणजे तमाशा. त्याला शिवी बसलीच नाही. आयुष्यभर बाबांची एकही शिवी कोणाला लागली नाही, असा विचार केला की मला फार वाईट वाटतं.

सातपूर_शिफ्ट
ताई, हे वाचून गप्प झालो. तरी पण नोकरीचं दुःख राहतंच.

शांत_पंचवटी
मी कर्णबधिर आहे. नाशिकला शिकलो, वसतिगृहात वाढलो. माझ्या वेळी वर्गात हात वापरले की मार बसायचा, ओठ बघून बोलायला शिकवायचे. खुणा आम्ही रात्री वसतिगृहात शिकलो, मोठ्या मुलांकडून. शिव्याही तिथेच. एखाद्या शिवीत ओठांवर मराठी शब्द असतो, हातात आमची खूण असते. दोन्ही मिळून शिवी होते. मित्र मित्राला हसत देतो तेव्हा हात सैल असतो, आणि ती शिवी नसते. तुमच्यात मित्र "काय रे भो" म्हणून शिवी घालतात, तसंच.

निवृत्त सर, तुम्ही म्हणता कागदावर लिहून द्या. मी पण एक विचारतो. बोलणारा कामगार चौकशीत रागाने शिवी देतो, तेव्हा त्याच्या तोंडावर हात ठेवून कागद देता का? नाही. तो बोलतो, सगळे ऐकतात, मग तुम्ही नोंदीत काय लिहायचं ते ठरवता. आमच्यासाठी पण आधी ऐका. मग लिहिताना काय ते ठरवा.

आता खरी गोष्ट. एवढं सगळं वाचलं, पण कोणीच विचारलं नाही की त्याने शिवी का दिली. एचआर ताई, करंगळी आणि शिवी यांच्या मध्ये काय झालं? सुपरवायझरने त्याचा हात धरला का?

अंबड_एचआर
हो. त्याने जबाबात तसं सांगितलं. सुपरवायझरने "हात खाली कर" म्हणून त्याचं मनगट पकडलं. आम्ही ते फार मनावर घेतलं नाही, कारण मारहाण नव्हती, नुसतं थांबवलं.

शांत_पंचवटी
आमच्यात ही सगळ्यात मोठी शिवी आहे. मनगट धरणं म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड दाबणं. लहानपणी शिक्षक धरायचे. दुसरी शिवी, मी बोलत असताना मुद्दाम डोळे मिटणं किंवा मान वळवणं. त्यात बोट नाही, अश्लील काही नाही. पण माझ्याशी कोणी असं केलं तर मी पण तीच खूण करेन, जी त्याने केली. लाज नाही वाटणार.

दोन_भाषांच्या_मधे
दादा, हे तुम्हीच सांगायला हवं होतं, आणि सांगितलंत. यात माझ्या कामाची एक भिंत आहे. मनगट धरणं हे कोणी कोणाला म्हटलेलं वाक्य नाही, त्यामुळे मी त्याचं भाषांतर करू शकत नाही. मी मध्येच "साहेब, हा त्यांच्यात फार मोठा अपमान असतो" असं सांगायला लागले तर मी साक्षीदार होते, इंटरप्रिटर राहत नाही. ते कामगाराने स्वतः म्हणायला हवं किंवा त्याच्या बाजूने जाणकार कर्णबधिर व्यक्तीने येऊन सांगायला हवं. कामगाराच्या प्रतिनिधीने त्याला नुसतं एवढं विचारावं: "हात धरला तेव्हा तुला काय वाटलं?" तो उत्तर देईल आणि बाई ते उच्चारतील.

आणखी एक, फुटेजबद्दल. कोणी बाईंना छतावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज दाखवून "यात काय म्हणतोय ते सांगा" असं म्हणेल. बहुतेक वेळा ते सांगता येत नाही. वरून डोकं आणि खांदे दिसतात, ओठ आणि डोळे दिसत नाहीत. मी एकदा अशाच फुटेजवर "हात या ठिकाणाहून या ठिकाणी गेला, करंगळी उभी आहे" इतकंच लिहून दिलं आणि अर्थाच्या रकान्यात रेघ ओढली. चेहऱ्याशिवाय शिवी आहे की मस्करी, ते ठरवणं म्हणजे नुसता अंदाज. बाईंनी तिथे नकार दिला तर त्या काम टाळतात असं समजू नका.

वकील_नाशिकरोड
यावर एक पुस्ती. चौकशी परत सुरू होईल तेव्हा पुढचा जबाब व्हिडिओवर घ्या. घरगुती चौकशीत तसं बंधन नाही, तरी घ्या. कॅमेरा कामगाराच्या समोर, कंबरेपासून डोक्यापर्यंत चौकटीत, बाईंचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ. नोंदीत तीन गोष्टी वेगळ्या लिहा: हातांनी काय केलं त्याचं साधं वर्णन, बाईंनी उच्चारलेलं वाक्य अवतरणात, आणि ते कोणत्या प्रश्नाला उत्तर होतं. निवृत्त साहेबांना मान्य असेल तर उघड नोंदीत शिवीच्या जागी पहिलं अक्षर आणि फुल्या, आणि पूर्ण शब्द सहीनिशी पाकिटात. उच्चार मात्र खोलीत व्हायलाच हवा.

गंगापूररोड_निवृत्त
नोंदीची ही पद्धत मला मान्य आहे. उच्चाराबाबत माझं मत अजून बदललेलं नाही, पण पंचवटीच्या गृहस्थांनी तोंडावर हात ठेवण्याचा जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. आणि मनगटाचं वाचून मला आमच्या कारखान्यातला एक जुना माणूस आठवला. त्याला आम्ही सगळेच हात धरून थांबवायचो, प्रेमानेच.

रविवार_कारंजा
एक शंका राहिली. बाई चुकल्या असतील तर? म्हणजे ती शिवी तेवढी जड नसेल, च्यायलाच्या पायरीची असेल, आणि बाईंनी आईवर नेली असेल?

दोन_भाषांच्या_मधे
चांगली शंका, आणि असं होतं. माझ्याकडूनही एकदा झालं आहे. मालेगावकडचा एक तरुण होता, त्याची खूण मी नाशिकच्या पायरीने तोलली. त्याच्या मित्रांत ती रोजची होती. एका गावाहून दुसऱ्या गावाला, एका वसतिगृहातून दुसऱ्या वसतिगृहात पायरी बदलते. २०२१ मध्ये आलेला दहा हजार शब्दांचा भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश मी रोज वापरते, पण एखादी खूण अमुक वसतिगृहात किती जड आहे, हे शब्दकोशातून कळत नाही.

ओळखायची खूण म्हणजे कामगाराचा चेहरा. इंटरप्रिटर मराठीत बोलते तेव्हा तो तिच्याकडे नाही, ऐकणाऱ्यांकडे बघत असतो. खोली दचकली आणि त्यालाही आश्चर्य वाटलं, तर पायरी चुकली. खोली दचकली आणि तो शांत राहिला, तर बरोबर. शंका असेल तर त्याला उलट विचारायचं: "ही खूण तू कोणाला करतोस? मित्राला करतोस? वडिलांसमोर करतोस?" आणि मोठ्या प्रकरणात एक कर्णबधिर इंटरप्रिटरही बरोबर घ्यायचा. तो त्याच्या गावची खूण ओळखतो आणि मला समजेल अशा खुणेत सांगतो, मग मी मराठीत बोलते. वेळ दुप्पट लागतो.

एचआर ताई, बाईंनी शिवी उच्चारली तेव्हा तो कसा दिसत होता?

अंबड_एचआर
शांत. मान हलवली, "हो" असं. माझ्याकडे बघून हात जोडले होते, तेव्हा मला वाटलं घाबरून जोडले. आता वाटतं, दोघी बायका बसलो होतो म्हणून माफी मागत होता.

पुढची तारीख सोमवारची आहे. आज दुपारी फुटेज परत पाहिलं. चेहरा दिसत नाही, ताई म्हणतात तसंच. पण मनगट धरलेलं स्पष्ट दिसतं, आणि ते सोडायला सुपरवायझरला अकरा सेकंद लागलेत. मी ते चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलंय.